चार ओळींचा निरोप

"घरगुती गाडीसाठी ड्रायव्हर पाहिजे. मुलुंड पश्चिम. गाडी ऑटोमॅटिक. वेळ सकाळी ८ ते रात्री ८. सुट्टी रविवार. पगार २०,०००. आठनंतर तासाला ५०. पंधरा दिवस ट्रायल. निर्व्यसनी असावा."

असे निरोप आजकाल मोबाईलवर रोज फिरतात. कोणाच्या तरी साहेबाला ड्रायव्हर हवा असतो. साहेब वॉचमनला सांगतात, वॉचमन आपल्या गाववाल्याला सांगतो, आणि संध्याकाळपर्यंत तो निरोप कल्याण, अंबरनाथपासून गोवंडी, मानखुर्दपर्यंत पोहोचतो. आमच्या कल्याणच्या वस्तीत गाडी चालवून पोट भरणारी मुले पुष्कळ आहेत. त्यामुळे वाचक बंधुभगिनींनो, असे निरोप आमच्यापर्यंत आपोआप येतात. आम्ही पडलो कारकून. त्यात बी.कॉम. झालेले. कागद दिसला की आधी त्यातले आकडे वाचायचे, ही आमची जुनी खोड आहे.

वर दिलेला निरोप २०२४ च्या जूनमध्ये आमच्या शेजारचा एक तरुण घेऊन आला. पूर्वी त्याची स्वतःची पिवळ्या पाटीची टॅक्सी होती, कर्जावर घेतलेली. टाळेबंदीत हप्ते थकले आणि २०२१ मध्ये फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली. त्यानंतर तीन वर्षे त्याने टेम्पोवर बदली ड्रायव्हर म्हणून काढली. घरात आई, पत्नी आणि पहिलीत गेलेली मुलगी. बदली कामात एक दिवस काम, दोन दिवस वाट पाहणे असा प्रकार असतो. त्यामुळे वीस हजार हा आकडा पाहूनच त्याच्या आईचा चेहरा उजळला होता.

"भाऊ, याला समजावून सांगा," आई म्हणाली. "उद्याच जा म्हणते मी, तर हा म्हणतो आधी काकांना दाखवतो."

"काका, ठाण्याहून पण एक निरोप आलाय," मुलगा म्हणाला. "सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रविवार सुट्टी, पगार सतरा हजार. आई म्हणते तीन हजार कशाला सोडायचे?"

प्रश्न रास्त होता. आम्ही कागद घेतला. महिन्यातले चार रविवार वजा केले तर कामाचे दिवस सव्वीस. मुलुंडचे रोजचे बारा तास, म्हणजे महिन्याला ३१२ तास. वीस हजारांना ३१२ ने भागले तर तासाला चौसष्ट रुपये पडतात. ठाण्याचे रोजचे नऊ तास, म्हणजे महिन्याला २३४ तास. सतरा हजारांना त्याने भागले तर तासाला बहात्तर रुपयांच्या वर पडतात. म्हणजे पगार कमी, पण तासाचा भाव जास्त. मग दोन्हींमधला फरक काढला. मुलुंडला ७८ तास जास्त द्यायचे आणि त्याबद्दल तीन हजार जास्त मिळवायचे. त्या जादा तासांचा भाव निघाला अवघा अडतीस रुपये!

आम्ही हे सांगितल्यावर आई काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अडतीस का असेना भाऊ, पण पोरीच्या शाळेची फी त्या तीन हजारांतच बसते." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि ते शोधण्याचा आम्ही प्रयत्नही केला नाही. हिशेब माणसाला पर्याय दाखवतो. त्यातला कोणता घ्यायचा हे ज्याचे त्याने घरची चूल पाहून ठरवायचे असते. त्याने मुलुंड धरायचे ठरवले. पण जायचे तर त्या चार ओळींत काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे नीट पाहून जायचे, एवढे आमचे त्याने मान्य केले.

हे पाहणे इतके जरुरीचे का, ते आधी सांगितले पाहिजे. एस.टी.च्या किंवा मालवाहतूक कंपनीच्या ड्रायव्हरचे तास कायद्याने मोजले जातात. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. मात्र पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या परिवहन व्यवसायांनाच तो लागू होत असे. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण घरच्या एका गाडीवर असलेल्या एकट्या ड्रायव्हरचे तास मोजायला आजही कोणी येत नाही. त्याला नेमणूकपत्र नाही, हजेरीपुस्तक नाही, पगारपत्रक नाही. उद्या तंटा झाला तर दाखवायला त्याच्याजवळ फक्त तो चार ओळींचा निरोप असतो. म्हणून त्या निरोपालाच आपण करारपत्र समजले पाहिजे आणि त्याचे उत्तरही लेखी दिले पाहिजे.

बाबासाहेब मजूर खात्याचे सभासद असताना १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि गिरणीकामगाराचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला. आमच्या या मुलाचा आठवडा त्या निरोपाप्रमाणे बहात्तर तासांचा होता. मुलुंड हे २०२४ सालीही १९४६ च्या मागे होते. त्यात कल्याण ते मुलुंड जाण्यायेण्याचा वेळ आम्ही धरलेलाच नाही.

आता निरोप ओळीओळीने पाहू.

पहिली गोष्ट वेळ. "सकाळी ८ ते रात्री ८" असे लिहिलेले असले की आपली मुले तेवढेच वाचतात. आम्ही त्याला म्हटले, बाळा, तू वेळ विचारू नकोस, फेऱ्या विचार. दिवसभरात कोणाला कुठून कुठे न्यायचे आहे, ते क्रमाने सांगा, असे विचार. त्याने फोन केला. मॅडम भल्या होत्या, त्यांनी सगळे सांगितले. सकाळी सव्वाआठला साहेबांना वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसला सोडायचे. परत येऊन दुपारी मुलाला शाळेतून आणायचे, चार वाजता क्लासला न्यायचे. मग सहाच्या सुमारास पुन्हा ऑफिसकडे निघायचे. साहेब सात वाजता खाली उतरतात.

आता ज्याला मुंबईचे रस्ते ठाऊक आहेत तो येथेच ओळखेल. संध्याकाळी सातला वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून पूर्व द्रुतगती मार्गाने मुलुंड गाठायला तास-सव्वा तास सहज लागतो, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. त्यानंतर गाडी पार्किंगमध्ये लावायची, किल्ली वर द्यायची. म्हणजे रात्री आठ ही वेळ रोजच टळणार होती. मालकीणबाई खोटे बोलत होत्या असे नाही. त्यांनी आठ हा आकडा साहेब घरी येण्याच्या अंदाजाने लिहिला होता, ड्रायव्हर सुटण्याच्या वेळेचा विचार त्यात नव्हता. निरोपात लिहिलेल्या वेळेत दिवसाच्या फेऱ्या बसतात की नाही, हे अशा रीतीने काम धरण्याआधीच कळते.

वेळ टळणारच म्हटल्यावर "आठनंतर तासाला ५०" ही ओळ महत्त्वाची ठरते. साध्या वेळेचा भाव चौसष्ट आणि जादा वेळेचा पन्नास! जगात सगळीकडे जादा कामाला जादा दाम असतो, येथे तो कमी होता. हेही कोणी मुद्दाम केलेले नसते. शेजारच्या फ्लॅटमध्ये पन्नास देतात म्हणून यांनीही पन्नास लिहिले. बारा तासांना वीस हजार कसे पडतात हा भागाकारच कोणी करीत नाही. शिवाय अर्ध्या तासाचे काय, हे निरोपात नव्हते. साडेआठला सुटले तर पंचवीस मिळणार की काहीच नाही? रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला तेरा तास झाले. ते असेच वाहून जाऊ द्यायचे का?

येथे मालकमंडळींचे एक नेहमीचे म्हणणे असते, आणि ते आम्ही आमच्या ऑफिसातल्या साहेबलोकांच्या तोंडूनही ऐकले आहे. "अहो, बारा तास कसले? चार तास गाडी चालवतो, बाकी वेळ खाली बसूनच असतो की!" ही गोष्ट अर्धी खरी आहे. ड्रायव्हर बसून असतो. पण तो घरी जाऊ शकतो का? मुलीला शाळेतून आणू शकतो का? फोन वाजला की पाच मिनिटांत गाडी दारात लागली पाहिजे, म्हणूनच त्याला बसवलेले असते. अग्निशामक दलाचा जवान आग नसताना बसूनच असतो, म्हणून त्याचा पगार कोणी कापत नाही. वाट पाहणे हेही कामच आहे, आणि बारा तासांतला तो वेळ मालकाने विकत घेतलेला असतो.

आणि बसायचे कुठे? हा प्रश्न निरोपात कधीच नसतो. टॉवरमध्ये तळघराच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर मंडळी प्लास्टिकच्या खुर्चीवर किंवा गाडीतच बसतात. काही इमारतींत ड्रायव्हरांसाठी संडास-मुतारी असते, काहींत नसते. नसली तर माणूस पाणी कमी पितो आणि त्याचे परिणाम पुढे डॉक्टरकडे दिसतात. आमच्या मुलाने फोनवर हे विचारायला फार संकोच केला. आम्ही म्हटले, यात लाज कसली? "इमारतीत ड्रायव्हरसाठी बाथरूम आणि पाणी आहे ना?" एवढे एकच वाक्य बोलायचे. मॅडम म्हणाल्या, "आहे, पण तळघरात दिवा नाही, मी सोसायटीला सांगते." म्हणजे विचारल्यावर दिव्याचीसुद्धा सोय होते.

फोनवर आणखी एक प्रश्न आला. वाचकांना तो परिचित आहे. "पूर्ण नाव काय तुमचं? गाव कुठलं?" मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही खुणेनेच सांगितले, जे लायसन्सवर आहे ते सांग. त्याने आडनावासकट सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. ती शांतता कशाची होती हे आम्हाला ठाऊक नाही, कदाचित त्या लिहून घेत असतील. यापूर्वी एका घरी याच मुलाला आडनाव ऐकल्यावर "नंतर कळवतो" असे सांगून कधीच कळवले नव्हते, त्यामुळे ते पाच-सहा सेकंद आम्हा सर्वांनाच फार लांब वाटले. मग मॅडम म्हणाल्या, "लायसन्स आणि आधारची झेरॉक्स घेऊन या, पोलीस व्हेरिफिकेशनला लागेल."

त्यावर एक सूचना. झेरॉक्स द्यावी, मूळ लायसन्स कोणाच्याही ताब्यात देऊ नये. "काम सोडेपर्यंत आमच्याकडे राहू दे" असे म्हणणारे मालक असतात. मूळ लायसन्स दुसऱ्याच्या कपाटात अडकले की काम सोडून जाण्याची मोकळीकही त्याच कपाटात बंद होते. घरगुती पांढऱ्या पाटीच्या मोटारीला साधे हलक्या वाहनाचे लायसन्स चालते, टॅक्सीचा बिल्ला लागत नाही, हेही येथे सांगून ठेवतो. बिल्ला नाही म्हणून पगार कमी करण्याचा प्रकार आमच्या पाहण्यात आहे.

सुट्टीची ओळ दिसायला सोपी, पण तंटे तिच्यावरूनच जास्त होतात. रविवार सुट्टी म्हणायचे आणि नातेवाइकांकडे जायला, लग्नाला, मॉलला नेमकी रविवारीच गाडी काढायची. मग ड्रायव्हरला शनिवारी रात्री फोन येतो. तो नाही म्हणू शकत नाही आणि त्या दिवसाचे किती मिळणार हे ठरलेले नसते. मालक वीस हजारांना तीस दिवसांनी भागून ६६७ रुपये देतो. पण त्याच पगारात सव्वीसच दिवस काम ठरले असेल, तर दिवसाचा भाव ७६९ होतो. एका रविवारमागे शंभर रुपयांचा फरक या भागाकारात आहे. आणि गंमत पाहा, ड्रायव्हरने एखादा खाडा केला की पगार कापताना त्याच मालकाला सव्वीसने भागणे सुचते! कापायचे असो वा द्यायचे असो, भागाकार एकच ठेवा, एवढेच आमचे म्हणणे. पाच रविवार आलेल्या महिन्यातही पगार तोच राहणार, हेही आधीच बोलून घ्यावे.

सर्वात वाईट ओळ होती "पंधरा दिवस ट्रायल" ही. त्या पंधरा दिवसांचे पैसे मिळणार का? मिळणार तर कोणत्या भावाने आणि कधी? निरोपात एक अक्षर नाही. पंधरा दिवसांत दोन रविवार वजा जाता तेरा दिवस काम होते आणि ७६९ च्या भावाने त्याचे दहा हजार होतात. एवढी रक्कम ज्या शब्दावर अवलंबून आहे तो शब्द मोघम ठेवून कसे चालेल? आमच्या वस्तीतल्याच दुसऱ्या एका मुलाची हकीकत सांगतो. एका घरी लग्न होते. त्यांनी पंधरा दिवसांच्या ट्रायलवर ड्रायव्हर ठेवला. पाहुण्यांची ने-आण झाली आणि चौदाव्या दिवशी "तुमचा हात बसत नाही" म्हणून त्याला घालवले. हातावर दोन हजार ठेवले. पुढच्या पंधरवड्याला दुसरा आणि त्याच्या पुढे तिसरा. वॉचमनकडून नंतर कळले की, लग्न आणि त्यानंतरचे सगळे सोपस्कार त्या घराने ट्रायलवरच उरकले.

खरे पाहता ड्रायव्हरचा हात पहिल्या तासातच कळतो. आमच्या ओळखीचे एक वयस्क ड्रायव्हर आहेत, तीस वर्षे घरगुती गाड्यांवर काढलेले. ते सांगतात, माणूस बसल्यावर आधी सीट आणि आरसे लावतो की थेट गाडी सुरू करतो, ते पाहा. गतिरोधकाआधी ब्रेक हळूहळू दाबतो की ऐनवेळी, ते पाहा. तळघराच्या उतारावर पुढची गाडी थांबली तर आपली मागे न घसरू देता धरतो का, आणि दोन खांबांमध्ये उलटी गाडी लावताना आरशात पाहतो की नुसता अंदाजाने घेतो, ते पाहा. याला पंधरा दिवस लागत नाहीत. वक्तशीरपणा, फोन उचलणे, मुलांशी बोलणे याला मात्र चार-सहा दिवस द्यावेच लागतात, आणि मालकाने ते मागणे योग्यच आहे. म्हणून सात दिवसांची ट्रायल, त्यातले सहा दिवस कामाचे, हा मध्यम मार्ग आम्हाला बरा वाटला. ट्रायल दोघांचीही असते. या घरी काम करता येईल की नाही, हे ड्रायव्हरही पाहत असतो.

एक ओळ निरोपात मुळीच नव्हती, ती विम्याची. गाडीच्या विम्यात मालकासाठी पंधरा लाखांचे अपघात संरक्षण असते. ते गाडी चालवणाऱ्या मालकाचे, पगारी ड्रायव्हरचे नव्हे. पगारी ड्रायव्हरसंबंधीच्या जबाबदारीची पॉलिसीत वेगळी ओळ असते आणि तिचा हप्ता वर्षाला जेमतेम पन्नास रुपये! मोटारीवर नेमलेला ड्रायव्हर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात स्पष्ट शब्दांत धरलेला होता, पण भरपाई मालकाच्या खिशातून येणार की विमा कंपनीकडून, हे या ओळीने ठरते. त्यामुळे ती ओळ मालकाच्याही हिताची आहे. पॉलिसीचा कागद गाडीतच असतो. पहिल्या दिवशी तो काढून पाहायला दोन मिनिटे लागतात.

हे सगळे बोलून झाल्यावर उत्तर लिहायला बसलो. आम्ही सरकारी थाटाचा मसुदा केला, तर मुलगा म्हणाला, "काका, हे वाचून त्या घाबरतील." ते खरेच होते. मग त्यानेच सांगितले आणि आम्ही शुद्धलेखन पाहिले. निरोप असा गेला:

"मॅडम नमस्कार. आपण सांगितलेले काम मला पसंत आहे. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, पगार २०,०००, रविवार सुट्टी. आठनंतर तासाला ६५, अर्धा तास झाला तर अर्धे. रविवारी बोलावल्यास दोन दिवस आधी सांगावे, त्या दिवसाचे ७७०. ट्रायल सात दिवस, रोज ७७० प्रमाणे, सातव्या दिवशी संध्याकाळी हिशेब. सिग्नल किंवा वेगाचा दंड माझ्या चुकीने आल्यास मी भरीन, आपण सांगाल तेथे गाडी उभी केल्याचा दंड आपला. विम्यात ड्रायव्हरची नोंद आहे का ते कृपया पाहावे. आपले हो आल्यास सोमवारी आठला हजर होतो."

निरोप पाठवल्यावर दोन तास उत्तर नाही. आई चिडली. "झालं, गेलं काम!" म्हणून तिने आम्हालाही सुनावले. रात्री साडेनऊला उत्तर आले. आठनंतर पासष्ट मान्य. रविवारचे मान्य. ट्रायल सात दिवस मान्य, मात्र रोजचे सातशे देऊ, काम पक्के झाले की फरक देऊ. विम्याचे साहेबांना विचारते. मुलाने लगेच "चालेल" लिहिले. सत्तर रुपयांसाठी अडायचे नाही एवढे व्यवहारज्ञान त्याला होते.

सोमवारी त्याने वयस्क ड्रायव्हरांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट केली. गाडी हातात घेण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारून मोबाईलवर चारी बाजूंचे फोटो काढले. मागच्या बंपरवर जुना ओरखडा होता, डाव्या दाराला छोटा पोचा. फोटो मॅडमना पाठवून दिले. नाहीतर आधीच्या माणसाचे ओरखडे नव्या माणसाच्या पगारातून निघतात. खिशात एक छोटी डायरीही ठेवली. आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, किलोमीटरचा आकडा, पेट्रोल भरले तर किती. रोजच्या एका ओळीचे काम.

ट्रायलच्या चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर मॅडमनी गाडी थांबवायला सांगितली. तेथे वाहन उभे करण्यास मनाई होती. "दोनच मिनिटं," त्या म्हणाल्या. काही दिवसांनी साहेबांच्या मोबाईलवर ई-चलान आले, कारण असा दंड गाडीच्या क्रमांकावरून मालकाच्या नावाने निघतो. साहेबांनी रागाने विचारले. मुलाने काही न बोलता डायरीतली त्या दिवसाची ओळ दाखवली आणि मॅडमच म्हणाल्या, "ते मी सांगितलं होतं, निरोपात ठरलंय आपलं." दंड त्यांनीच भरला.

सातव्या दिवशी संध्याकाळी सहा दिवसांचे ४,२०० रुपये हातात मिळाले, काम पक्के झाले आणि फरकाचे ४२० पहिल्या पगाराबरोबर आले. विम्याच्या पॉलिसीत ड्रायव्हरची ओळ नव्हतीच. साहेबांनी एजंटला सांगून ती घालून घेतली. सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. सुटायला रोज साडेआठ-पावणेनऊ होतात आणि तो घरी पोहोचतो तेव्हा मुलगी बहुधा झोपलेली असते. जादा तासांचे पैसे डायरीप्रमाणे मिळतात, पण साहेबांनी आठला घरी यावे हे काही कोणत्या निरोपात लिहून घेता येत नाही. ठाण्याचे काम घेतले असते तर बरे झाले असते का, असे त्याची पत्नी एकदा आमच्या घरी म्हणाली. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली. बोनसबद्दल आम्ही काहीच लिहून घेतले नव्हते. वर्षाला एक पगार हा घरकामात रिवाज आहे, पण याला लागून पाचच महिने झाले होते. तो आम्हाला विचारायला आला नाही. त्याने स्वतःच मॅडमना लिहिले, "जून ते ऑक्टोबर पाच महिने झाले. एका पगाराचे बारा भाग केले तर पाच भाग ८,३३३ होतात. आपणास योग्य वाटल्यास द्यावे." उत्तरात मॅडमनी फक्त अंगठा पाठवला. शनिवारी पाकिटात साडेआठ हजार होते, आणि सोमवारी मुलीच्या शाळेची दुसऱ्या सत्राची फी भरून तो पावती दाखवायला आमच्याकडे आला.